राज, जरा आणि जार एकाच गटात! ॲनाग्रामचे गट पाडताना 'अक्षर' नक्की कशाला धरायचं?

खटपट्या

मंडळी, एक शब्दखेळ लिहितोय. दोनेक लाख मराठी शब्दांची यादी हाताशी आहे. त्यातले एकमेकांची अक्षरं फिरवून होणारे शब्द एका गटात आणायचेत, म्हणजे मकर-रकम-कमर एकत्र, गरम-मगर एकत्र, नकल-कलन एकत्र. प्रत्येक शब्द बाकीच्या प्रत्येकाशी ताडून पाहायचा म्हटलं तर दोन हजार कोटी जोड्या होतात, त्यामुळे तो विचार सोडला आणि नेहमीची युक्ती वापरली. शब्दातली अक्षरं क्रमाने लावायची, जे तयार होईल ती त्या शब्दाची किल्ली. ज्यांची किल्ली सारखी ते सगळे एका खणात. यादीवरून एकदाच फिरायचं, काम फत्ते.

```python
gat = defaultdict(list)
for shabd in open('shabd.txt', encoding='utf-8'):
    gat[''.join(sorted(shabd))].append(shabd)
```

मकर-रकम-कमर बरोबर एकत्र आले. पण राज, जरा आणि जार हे तिन्हीही एका गटात आलेत. कर्म आणि क्रमसुद्धा. खेळात मी 'रा' आणि 'ज' अशा दोन सोंगट्या देणार, त्यातून राज होतो, जरा होतो, पण जार कसा होणार? 'जा' ही सोंगटीच नाही. असे गट हजारोंनी आहेत, हाताने वेचणं शक्य नाही. युक्तीच मराठीला लागू पडत नाही की काय?

---

अर्धविराम

कर्म आणि क्रम एकत्र आले त्यात बिघडलं काय? क्रम चुकला की कर्म आडवं येतंच. :)

---

सायली_प

तुमचा `sorted` मराठी वर्णमालेचा क्रम पाळत नाही हे कारण असणार. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलाय, आपल्याकडे तो ह नंतर येतो. क्ष आणि ज्ञ तर तिथे स्वतंत्र नाहीतच. मराठी कोशाप्रमाणे क्रम लावणारी लायब्ररी वापरून पाहा, गट आपोआप सुधारतील.

---

तळटीप

सायली, ळ बद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण इथे त्याने काही फरक पडत नाही. किल्ली कोणाला वाचून दाखवायची नाहीये. ळ आधी येवो, शेवटी येवो की मधेच कुठे, तो प्रत्येक शब्दासाठी त्याच ठिकाणी आला म्हणजे झालं. सरळ आणि रसळ यांची किल्ली कुठल्याही ठरलेल्या क्रमाने लावली तरी सारखीच येणार. उलट कोशाच्या क्रमाची लायब्ररी हळू चालेल, आणि काही नियमांत दोन वेगळी चिन्हं 'समान' धरली जातात, तेव्हा त्यांचा आपसातला क्रम शब्दागणिक पालटू शकतो. मग जे एकत्र यायला हवं तेच फुटेल. साधा कोडपॉइंटचा क्रम इथे सगळ्यात भरवशाचा.

खटपट्या, युक्ती ठणठणीत आहे. बिघाड `sorted` ला आपण काय देतो त्यात आहे. आपल्याला 'जार' म्हणजे जा आणि र दिसतात. पायथनला तीन वस्तू दिसतात: ज (U+091C), काना (U+093E), र (U+0930). क्रमाने लावल्या की ज, र, काना. ही किल्ली छापून बघा, पडद्यावर चक्क 'जरा' दिसेल. राजची किल्लीही हीच आणि जराची तर आहेच.

युनिकोडमध्ये सगळ्या मात्रा व्यंजनांच्या पुढच्या क्रमांकांवर आहेत. त्यामुळे क्रम लावला की मात्रा आपापली व्यंजनं सोडून शेवटी गोळा होतात. कुठला काना कुणाचा होता ही माहिती किल्लीत उरतच नाही. 'किती'ची किल्ली छापलीत तर क, मग त, आणि त्याच्या डोक्यावर ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही वेलांट्या एकदम. दुसरीला बसायला जागा नाही म्हणून बऱ्याच फॉन्टमध्ये तिच्याजवळ ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. अशी वर्तुळं किल्ल्यांमध्ये दिसू लागली की समजायचं, आपण अक्षरं नव्हे तर अक्षरांचे सुटे भाग लावतोय.

कर्म-क्रमचंही तेच. एकात क, र, हलन्त, म. दुसऱ्यात क, हलन्त, र, म. त्याच चार वस्तू.

तेव्हा आधी शब्द अक्षरांत तोडा, मग त्या तुकड्यांचा क्रम लावा.

---

आळशी मांजर

वाखुसाआ.

---

गणिती_गोम

मुळात क्रम लावायचाच कशाला? k अक्षरांच्या शब्दाला k log k इतकं काम पडतं. त्याऐवजी प्रत्येक चिन्ह किती वेळा आलं ते मोजा आणि ती मोजणीच किल्ली करा, k इतक्याच कामात सुटतं. त्याहून भारी उपाय म्हणजे प्रत्येक चिन्हाला एकेक मूळ संख्या द्या आणि गुणाकार करा. एका संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, म्हणून गुणाकार सारखा म्हणजे अक्षरं सारखी. क्रमबिम लावायची भानगडच नाही. इंग्रजीसाठी मी हे केलंय, पळतं.

---

बिट_बाय_बिट

@गणिती_गोम, मी तर एकदा नुसती बेरीज करणारा कोड पाहिलाय. a आणि d ची बेरीज १९७, b आणि c ची पण १९७. ad आणि bc सख्खे भाऊ!

---

गणिती_गोम

बेरीज नाही हो, गुणाकार म्हटलंय मी. तेही मूळ संख्यांचा. नीट वाचा.

---

तळटीप

गुणाकाराचं गणित बरोबर आहे, फक्त ते मावत नाही. देवनागरीच्या युनिकोड पट्ट्यात १२८ जागा आहेत आणि १२८ वी मूळ संख्या ७१९. अशा सात अवयवांचा गुणाकार ६४ बिटांच्या बाहेर जातो. पायथनमध्ये पूर्णांक हवा तेवढा वाढतो म्हणून तिथे निभावेल, पण इतर बऱ्याच भाषांत आकडा गुपचूप गुंडाळला जातो आणि मग दोन परके शब्द एकाच खणात येऊ शकतात. तेही क्वचित, म्हणजे चाचणीत न सापडता.

दुसरं म्हणजे इथे आपल्याला मोजायची आहेत अक्षरं. क्ष, त्र, ष्ट्या, र्त्स्न्या अशी जोडाक्षरं धरली तर यादी आधी ठरवताच येत नाही. मग मूळ संख्या वाटणार कुणाला? मोजणीची किल्ली करायची तरी मोजणी कुठल्यातरी ठरलेल्या क्रमाने लिहावी लागेलच, नाहीतर (रा:१, ज:१) आणि (ज:१, रा:१) वेगळ्या ठरतील. म्हणजे क्रम लावणं मागच्या दाराने परत आलं.

k log k ची भीती लांबलचक डीएनएच्या माळेला. मराठी शब्दात अक्षरं तीन-चार, फार तर आठ-दहा. एवढ्यांचा क्रम लावायला काहीच लागत नाही. दोन लाख शब्दांत जास्त वेळ शब्द तोडण्यात जाईल.

---

गणिती_गोम

२६ अक्षरांच्या वर्णमालेसाठी माझं म्हणणं कायम आहे. बाकी ठीक.

---

मीनल_क

तुकडे पाडायला स्वतः काही लिहू नका. पायथनच्या `regex` मॉड्यूलमध्ये (नेहमीच्या `re` मध्ये नाही) `\X` आहे, तो युनिकोडच्या नियमाने एकेक दिसणारं अक्षर उचलून देतो. एका ओळीत काम.

---

तळटीप

मीनल, बरोबर वाट, फक्त पुढे एक खड्डा आहे. `\X` ज्या नियमाने तोडतो तो नियमच मधे बदलला. पूर्वी हलन्तानंतर तुकडा पडायचा, म्हणजे 'क्रम'चे क्, र, म असे तीन तुकडे. २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ पासून देवनागरीसकट काही लिप्यांसाठी जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम आला, त्याप्रमाणे क्र, म. तुमच्या यंत्रावर कुठली आवृत्ती आहे यावर उत्तर ठरतं. तुमच्याकडे दोन सोंगट्या, सर्व्हरवर तीन, असं झालं तर कोणाला कळणारही नाही, कारण चूक म्हणून काही पडद्यावर येत नाही. वापरायचंच तर आधी 'क्रम' तोडून बघा: दोन तुकडे आले तर नवा नियम, तीन आले तर जुना.

मराठीपुरतं हाताने लिहिणं अवघड नाही. अक्षर म्हणजे शून्य किंवा जास्त अर्धी व्यंजनं, मग एक पूर्ण व्यंजन किंवा स्वर, त्यावर असली तर मात्रा, त्यावर असला तर अनुस्वार-विसर्ग, आणि शब्दाच्या शेवटी 'अर्थात्' सारखा पाय मोडलेला असेल तर तो हलन्त.

```python
AKSHAR = re.compile(
    '(?:[क-ह]\u093c?\u094d)*'
    '[ऄ-हॠॡॲ]\u093c?'
    '[\u093e-\u094c]?[\u0900-\u0903]*\u094d?')

def killi(w):
    return tuple(sorted(AKSHAR.findall(w)))
```

`tuple` मुद्दाम. `sorted` यादी देतो आणि यादी डिक्शनरीची किल्ली होऊ शकत नाही, पायथन `unhashable type: 'list'` म्हणून हटून बसतो. `''.join` करून ती तक्रार मिटते, पण तुकड्यांच्या सीमा पुसल्या जातात. त् आणि या हे दोन तुकडे चिकटवले की 'त्या' दिसतं, आणि 'त्या' हे एक अखंड अक्षरही तसंच दिसतं. टपलमध्ये ते वेगळे राहतात.

`findall` ची एक खोड लक्षात ठेवा: जे जुळत नाही ते तो न सांगता टाकून देतो. जोडरेघ, अवग्रह, ॐ, चुकून आलेला इंग्रजी वर्ण, सगळं गायब. म्हणून सगळे तुकडे परत जोडून मूळ शब्द येतो का ते प्रत्येक शब्दासाठी तपासा आणि न येणारे वेगळ्या फायलीत काढा. ती फाइल वाचण्यासारखी असते.

---

जुना_जोगी

आमच्या वेळी यासाठी युनिक्सवर दोन चिमुकले प्रोग्राम असायचे, `sign` आणि `squash`, आणि मधे सिस्टमचा `sort`. पहिला प्रत्येक शब्दापुढे त्याची किल्ली लिहायचा, `sort` सारख्या किल्ल्या शेजारी आणायचा, शेवटचा शेजारच्यांना एका ओळीत घालायचा. पूर्ण यादी मेमरीत बसवायची गरज नाही. आज हे कोणाला लागत नाही म्हणा, पण पायथनचा `itertools.groupby` वापरणारी पोरं अजून त्याच जागी ठेचकाळतात. तो फक्त शेजारी-शेजारी असलेल्यांचा गट करतो. आधी किल्लीने क्रम न लावता वापरला की एकेका किल्लीचे पाच-पाच गट पडतात. कारण विचारलं तर म्हणतात, यादीच खराब आहे.

रच्याकने, खटपट्या, तुमच्या यादीतला सगळ्यात शेवटचा शब्द कुठल्या गटात गेलाय ते बघा बरं.

---

खटपट्या

शेवटचा शब्द 'क्षार'. एकटाच पडलाय. रक्षा आहे यादीत, क, हलन्त, ष, काना, र सगळं तेच, म्हणजे जुन्या पद्धतीने एकत्र यायला हवे होते. का नाही आले?

---

जुना_जोगी

फायलीतून ओळ वाचली की तिच्या शेवटी `\n` चिकटून येतो, आणि तुम्ही तो काढलेला नाही. तो सगळ्यांच्याच किल्लीत असल्यामुळे कोणाला त्रास नाही. फक्त शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलेलं नसेल तर त्या एकाच शब्दात तो नसतो आणि बिचारा जातीबाहेर पडतो. `strip()` लावा. पहिला शब्दही बघून ठेवा. काही संपादक फायलीच्या सुरुवातीला अदृश्य U+FEFF सोडतात, आणि तो `strip()` ने जात नाही.

---

अर्धविराम

पहिला आणि शेवटचा, दोघंही वाळीत. मधले सगळे मजेत. हहपुवा.

---

दऱ्याखोऱ्यातली

लेखनाचाही एक घोळ राहिलाय, तो मराठीत फार नडतो. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टंकलेला सापडतो. काही जण ऱ (U+0931) आणि हलन्त वापरतात, काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, ZWJ (U+200D), टाकतात. डोळ्यांना दोन्ही एकच. किल्ली मात्र दोन. आमच्या कामात एका मोठ्या यादीत हा शब्द दोनदा, दोन वेगळ्या गटांत बसलेला होता आणि कितीही टक लावून पाहिलं तरी फरक दिसत नव्हता. `len()` छापल्यावरच समजतं. एक सात येतो आणि एक आठ.

---

मीनल_क

त्यासाठीच तर NFC नॉर्मलायझेशन आहे ना? `unicodedata.normalize` मारलं की सगळं एकरूप.

---

दऱ्याखोऱ्यातली

सगळं नाही. र आणि नुक्ता वेगळे टाकले असतील तर NFC त्यांचा ऱ करतं, तेवढं काम चोख. पण ZWJ ला ते हात लावत नाही. र-हलन्त-ZWJ आणि ऱ-हलन्त हे युनिकोडच्या लेखी समान नाहीतच. तीच गत ॲ ची. U+0972 हा एकसंध ॲ, आणि अ वर चंद्र देऊन केलेला दुसरा. NFC दोन्ही आहेत तसेच ठेवतं.

---

अर्धविराम

म्हणजे या धाग्याच्या शीर्षकातला 'ॲनाग्राम' हा शब्द स्वतःच्याच गटात न येण्याची शक्यता आहे?

---

दऱ्याखोऱ्यातली

आहे, खुशाल आहे!

---

मीनल_क

मग ZWJ आणि ZWNJ सगळीकडून उडवून टाकायचे. अदृश्य चिन्हांची शब्दखेळात गरजच काय?

---

तळटीप

थांबा, तिथेच दर्यात बुडाल. 'दऱ्या' (डोंगरातल्या) जर र-हलन्त-ZWJ ने लिहिलेला असेल आणि तुम्ही ZWJ उडवला, तर उरतो 'दर्या', म्हणजे समुद्र. अदृश्य म्हणून टाकलेल्या चिन्हाने शब्दच पालटला. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी र-हलन्त-ZWJ चं ऱ-हलन्त करायचं, मग उरलेली अदृश्य चिन्हं काढायची.

```python
def saaf(w):
    w = unicodedata.normalize('NFC', w.strip())
    w = w.replace('\u0930\u094d\u200d', '\u0931\u094d')
    w = w.replace('\u0905\u0945', '\u0972')
    return re.sub('[\u200b-\u200d\ufeff]', '', w)
```

शेवटची ओळ जोगीबुवांचा FEFF पण घेऊन जाते. आणि `saaf` नंतर गटात `list` ऐवजी `set` ठेवा. दोन लेखनं एकरूप झाली की तोच शब्द दोनदा येतो आणि आपण आपलाच ॲनाग्राम असल्यासारखा मिरवतो.

---

पाणिनीचा_पाहुणा

तांत्रिक चर्चा वाचली, छान. पण तुम्ही सगळ्यांनी गृहीत धरलेलं 'अक्षर हेच एकक' मला मान्य नाही. काना, मात्रा ही लिहिण्याची सोय आहे. शब्द बनतो वर्णांचा. राज म्हणजे र्, आ, ज्, अ. जार म्हणजे ज्, आ, र्, अ. चारही वर्ण तेच, फक्त फिरवले. हा अस्सल ॲनाग्राम आहे आणि तुम्ही तो 'चूक' म्हणून काढून टाकताय. कर्म आणि क्रम पण: क्, अ, र्, म्, अ आणि क्, र्, अ, म्, अ. खटपट्यांच्या पहिल्या कोडने जे शोधलं ते त्याला नकळत सापडलेलं सोनं आहे.

---

तळटीप

वर्ण हे एकक घ्यायला हरकत नाही, पण मग पहिला कोड त्यालाही पुरत नाही. 'आस' आणि 'असा' घ्या. वर्ण पाहिले तर आ, स्, अ आणि अ, स्, आ, म्हणजे तुमच्या हिशोबाने एकाच गटात. कोडपॉइंट पाहिले तर आसमध्ये दोन (आ, स), असामध्ये तीन (अ, स, काना). पहिल्या कोडला हे कधीच सापडणार नाहीत, कारण सुट्या 'आ'ला एक क्रमांक आणि काना होऊन आलेल्या 'आ'ला दुसरा, आणि स मधला अ तर कुठे लिहिलेलाच नाही. वर्णांनी करायचं तर मात्रेचा स्वर करावा लागेल, आणि ज्या व्यंजनाला ना मात्रा ना हलन्त, त्याच्यामागे अ घालावा लागेल.

या धाग्यातलेच दहा शब्द घेऊन तिन्ही किल्ल्या लावून पाहा: राज, जरा, जार, कर्म, क्रम, आस, असा, मकर, रकम, कमर.

कोडपॉइंटने: राज-जरा-जार एकत्र, कर्म-क्रम एकत्र, मकर-रकम-कमर एकत्र. आस आणि असा एकेकटे.

अक्षरांनी: राज-जरा एकत्र, मकर-रकम-कमर एकत्र. बाकी पाचही एकेकटे.

वर्णांनी: कोडपॉइंटचे तिन्ही गट, शिवाय आस-असा.

कोडपॉइंटचे गट वर्णांच्या जवळ जातात, पण शब्दात सुटा स्वर आला की चुकतात. म्हणजे पहिला कोड ना धड अक्षरांचा, ना धड वर्णांचा.

---

पाणिनीचा_पाहुणा

आस-असा पटलं. पण म्हणूनच वर्णांची किल्ली नीट करा असं मी म्हणेन.

---

बिट_बाय_बिट

बोलताना राज मधला शेवटचा अ कोण उच्चारतो? आपण 'राज्' म्हणतो. वर्ण मोजायचे तर बोललेले मोजा ना, लिहिलेले कशाला.

---

पाणिनीचा_पाहुणा

तसं केलंत तर राज आणि जरा वेगळे होतील, जरा मधला अ तर ठणठणीत उच्चारला जातो. मग शब्दखेळच बंद करावा लागेल. लिखित वर्ण धरावेत.

---

शब्दकोडे_प्रेमी

माझा प्रश्न थोडा वेगळा. मला सात अक्षरं दिलीयत आणि त्यातून होणारे सगळे शब्द हवेत, सातही वापरलीच पाहिजेत असं नाही. मी किल्ली करून यादीत शोधतेय, पण फक्त सात अक्षरी शब्द येतात. किल्ली चुकतेय का?

---

जुना_जोगी

किल्ली बरोबर आहे, तिला तुम्ही दुसऱ्याच कुलपाला लावताय. ती 'नेमकी हीच अक्षरं' एवढंच सांगते. 'यातली काही' हवी असतील तर सात अक्षरांतून जेवढ्या निवडी होतात तेवढ्या सगळ्यांच्या किल्ल्या करा. प्रत्येक अक्षर घ्यायचं किंवा सोडायचं, म्हणजे १२८ निवडी, त्यातली रिकामी वगळून १२७. प्रत्येक निवड आधी क्रमाने लावा आणि खणात बघा. एवढं चुटकीसरशी होतं. वीस अक्षरं दिली तर मात्र निवडी दहा लाखांच्या वर जातील, तेव्हा उलट करा: यादीतला एकेक शब्द घ्या आणि त्याची अक्षरं तुमच्या साठ्यात पुरतात का ते मोजा.

अक्षरं परत परत येऊ शकतात हे विसरू नका. कोणीतरी `set` ने तपासतं, आणि मग 'मा' एकदाच दिलेला असताना मामा शब्द बिनदिक्कत पास होतो.

---

शब्दकोडे_प्रेमी

वा, १२७ च! धन्यवाद. सुरुवातीला मी सातही अक्षरांचे सगळे क्रम करत होते, ते ५०४० व्हायचे.

---

खटपट्या

सगळ्यांचे आभार. `saaf`, `killi` आणि `set` लावून यादी परत फिरवली. राज-जरा एकत्र, जार बाहेर. कर्म आणि क्रम वेगळे. क्षार आणि रक्षा मात्र आता एकत्र, कारण क्षा-र आणि र-क्षा, तुकडे तेच. तुकडे जोडून मूळ शब्द न येणारे बाजूला काढले, त्यात बहुतेक जोडरेघवाले निघाले आणि काही शब्दांत मराठी अक्षरांत इंग्रजी o घुसलेला सापडला, शून्यासारखा दिसणारा. तो नजरेला कधीच पडला नसता.

खेळ सोंगट्यांचा असल्यामुळे अक्षर हेच एकक ठेवतोय. पण पाहुण्यांचं म्हणणं डोक्यात बसलंय. कठीण पातळीवर वर्णांची किल्ली देऊन बघणार: 'आस'वरून 'असा' ओळखा.

वर्णांची किल्ली लिहायला घेतली आणि अनुस्वारावर अडलो. रंग मधला अनुस्वार म्हणजे ङ् आणि अंत मधला न् असं धरून फोडायचा का? तसं केलं तर अंत आणि अन्त एकत्र येतात, ते बरं वाटतं.

---

पाणिनीचा_पाहुणा

फोडायचा. पुढच्या व्यंजनाच्या वर्गातलं अनुनासिक घ्यायचं. सरळ नियम आहे.

---

दऱ्याखोऱ्यातली

आणि संशय, सिंह, संवाद? श, ह, व ना कुठला वर्ग आहे? तिथे अनुस्वार तसाच ठेवलात तर एकाच यादीत अर्धे अनुस्वार फुटलेले आणि अर्धे तसेच. त्यापेक्षा अनुस्वाराला स्वतंत्र वर्ण म्हणा आणि अन्त सारखी लेखनं `saaf` मध्ये अनुस्वारात आणा.

---

पाणिनीचा_पाहुणा

मग 'अन्न' आणि 'जन्म' चं काय कराल? तिथला न् अनुस्वारात घालणार का?

---

दऱ्याखोऱ्यातली

नाही. पुढे त, थ, द, ध असेल तरच. न आणि म च्या आधीचा न् राहू द्यायचा.

---

पाणिनीचा_पाहुणा

'त्यान्तही' अपवाद निघतील, यादी द्या म्हणजे दाखवतो.

---

खटपट्या

यादी व्यनि करतो. तुमचं ठरेपर्यंत कठीण पातळीतून अनुस्वारवाले शब्द वगळलेत.